एकदाच तर लावते

गल्लीत तिला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा म्हणून तो मशीनवाला, आणि त्याच्याशी लग्न केलं म्हणून ती मशीनवाली. तिने आयुष्यात एका मशीनचा स्क्रू सैल केलेला नाही की आवळलेला नाही. पण गल्लीने एकदा नाव ठेवलं की ठेवलं. टक्कल पडलेल्या न्हाव्याला जिथे अजून 'केसवाला' म्हणतात, तिथे हिची काय कथा.

मशीनवाला गेला त्याला तीन महिने होत आले. दुपारी जेवून दुकानात जाऊन बसला, आणि ती चहा घेऊन गेली तेव्हा नुसताच बसलेला होता. कपबशी तिच्या हातून पडली वगैरे नाही. तिने ती बाकावर ठेवली, शेजारच्या चष्मेवाल्याला हाक मारली आणि 'जरा इकडे बघता का' म्हणाली, जणू बल्ब गेलाय. गल्लीतल्या बायकांनी या वाक्याचा पुढे महिनाभर कीस पाडला. काही म्हणाल्या, धीराची बाई. काही म्हणाल्या, दगड आहे. जिला जे परवडलं ते तिने म्हटलं.

खरं सांगायचं तर धीर नाही आणि दगडही नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग आपलाच गाल कोणा तिऱ्हाइताचा वाटायला लागतो, तशी ती अख्खी झाली होती. जेवायची, भांडी घासायची, केस विंचरायची. कोणी रडत आलं तर त्याला पाणी द्यायची. आपल्याला काय होतंय असं स्वतःला विचारायची, आणि आतून उत्तरच यायचं नाही. बेल दाबतोय, पण घरात कोणी नाही, असं.

दुकान मात्र ती रोज उघडायची. ते घराच्याच पुढच्या खोलीत होतं, त्यामुळे उघडायचं म्हणजे मधला पडदा सारायचा आणि शटर वर ढकलायचं. आत दुरुस्तीला आलेली, कोणाकोणाची दहा-बारा मशीनं होती. लोक येत, आपलं ओळखून तसंच नादुरुस्त उचलून नेत, जाताना मान खाली घालून 'वाईट झालं' म्हणत. ती म्हणायची, "पायरी सांभाळा." रिकाम्या वेळात ती बाकापाशी बसायची आणि फोन लावायची.

फोन लावायची म्हणजे कोणाला नव्हे. व्हिडिओ लावायची.

त्याचं असं झालं होतं. चष्मेवाल्याच्या माडीवर एक मुलगी भाड्याने खोली घेऊन दुकानांची पेजं सांभाळते. चष्मेवाल्याचं पेज तिचं, टायरवाल्याचं तिचं, केक करणाऱ्या बाईचंही तिचंच. तिला सगळे पेजवाली म्हणतात. मशीनवाला जायच्या आठवडाभर आधी ती त्याच्या मागे लागली, "काका, तुमचंही काढू ना एक पेज, फुकट काढते, मला दाखवायला होईल." तो म्हणाला, "माझं काय बघायचंय कोणी?" पण बसला. तिने बारा सेकंदांचा व्हिडिओ काढला. जुनं काळं मशीन, त्यावर त्याचा हात, पायडल सुरू होतं, सुई चिंधीवरून सरळ रेषेत धावते, तो कान वाकडा करून ऐकतो, मग मान वर करून म्हणतो, "आता बोलायला लागलं बघा." बस. इतकंच. आणि संपलं की आपोआप पुन्हा पहिल्यापासून.

हे पुन्हा पहिल्यापासून होणं तिला फार सोयीचं पडलं. फोन चार्जरला लावायचा, तेलाच्या बुधलीला टेकवून उभा करायचा, व्हिडिओ एकदा सुरू करायचा आणि आपल्या कामाला लागायचं. जळमटं काढा, तांदूळ निवडा, नुसतं बसा. दुकानात मशीनचा आवाज राहायचा. बघायची ती क्वचितच. आवाज नसला की खोली मोठी व्हायची, इतकीच तिची तक्रार होती, आणि तीसुद्धा तिने कोणापाशी केलेली नव्हती. मधेच अॅप थांबायचं, 'बराच वेळ झाला, जरा विश्रांती घ्या' असं काहीतरी विचारायचं, तेव्हा ती बोट लावून ते घालवायची. दुपारी सुरू केलं की दिवेलागणीपर्यंत. रोज.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. मशीनवाल्याचा धाकटा भाऊ. वय पंचेचाळीस, पोट सुटलेलं, पण आत्याबाई अजून त्याला बाळ्या म्हणतात, तेव्हा आपणही बाळ्याच म्हणू. बाळ्या विजेच्या ऑफिसात मीटर तपासायला आहे. घरोघरी जायचं, मीटरचा आकडा वाचायचा, कोणी मागे फिरवलेला दिसला की जागेवर आणायचा. नोकरी पक्की, पुढे पेन्शन. पण लहानपणी त्याला भावाच्या दुकानात बसायचं होतं आणि भावाने हाकलला होता, "तू अभ्यास कर, इथे दोघांचं पोट नाही भरायचं." बाळ्याने अभ्यास केला. दुसऱ्यांची मीटरं वाचता वाचता केस पांढरे झाले. मनातलं दुकान मात्र बंद झालं नाही.

भाऊ गेल्यावर हा रोज पेज उघडून बघायला लागला. आणि काय आश्चर्य, व्हिडिओचा आकडा वाढायला लागला. आधी शेकड्यात, मग हजारात. बाळ्या ऑफिसात दाखवायचा, पानवाल्याला दाखवायचा, मीटर तपासायला गेलेल्या घरी चहा पिता पिता दाखवायचा. "माझे थोरले बंधू. वीस हजार लोकांनी बघितलं." पंधरवड्याने, "चाळीस हजार." आकडा ऐंशीच्या पुढे गेला तेव्हा त्याने ठरवलं. नोकरी सोडायची, दुकान चालवायचं, मोठं करायचं, शिकवणी काढायची. एवढी माणसं भावाच्या मशीनसाठी जीव टाकतायत आणि आपण लोकांची मीटरं वाचत बसलोय. त्याने राजीनामा लिहिला, सोमवारी द्यायचा म्हणून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि रविवारी सकाळी सगळ्यांना दुकानात जमवलं.

सगळे म्हणजे वहिनी, त्याची बायको, आत्याबाई आणि पेजवाली. पेजवालीला पुढचे व्हिडिओ कसे करायचे ते सांगायला बोलावलं होतं. आत्याबाईंना कोणी बोलावलेलं नव्हतं. त्यांना बोलवावं लागत नाही.

"एक्याण्णव हजार," बाळ्या फोन सगळ्यांपुढे फिरवत म्हणाला. "बोला आता."

"काय बोलायचं?" त्याची बायको म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. आदल्या रात्री घरात काय झालं असेल ते गल्लीला न सांगता कळलं होतं. "एक्याण्णव हजारातला एक तरी मशीन घेऊन आला का? ताई, तुम्ही सांगा, आला का?"

"नेणारे येतात," मशीनवाली म्हणाली.

"बघा."

"अगं, दुकानात माणूस नाही म्हणून नेतात," बाळ्या म्हणाला. "मी बसलो की आणतील. मला पट्टा बदलता येतो, बॉबिन येतं, बाकीचं हाताला लागेल. आणि वहिनी, तुम्हाला तरी बरं ना? दुकान बंद करून खोली कोणाला भाड्याने द्यायची, तो तिथे मोबाइलची कव्हरं लावणार. त्यापेक्षा घरचं माणूस बसलं तर?"

बरं की वाईट, हे तिला कळेना. पण दुकानात कोणीतरी असणार, पडद्यापलीकडे खाटखूट होणार, इतकं तिला दिसलं. ती म्हणाली, "चालेल."

"झालं तर," आत्याबाई म्हणाल्या. "पुन्हा आपले दिवस आले. बाळ्या, चहा सांग."

पेजवालीने चष्मा वर सरकवला. "काका, एक विचारू? तुम्ही एक्याण्णव हजार माणसं म्हणताय का?"

"मग? मांजरं बघतात का?"

"हे व्ह्यू आहेत. माणसं नाहीत."

"एकच ना ते."

"नाही ना. मी तुम्हाला आकडे पाठवते त्यात खाली दुसरा असतो, तो तुम्ही बघतच नाही." तिने आपल्या फोनवर पेजचं आतलं पान उघडलं. बाहेरच्यांना ते दिसत नाही, पेज चालवणाऱ्यालाच दिसतं. "हे बघा. वर व्ह्यू, एक्याण्णव हजार. खाली, किती अकाउंटपर्यंत पोचला. सातशेच्या आसपास."

बाळ्याने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे चुकलंय."

"चुकलेलं नाही. या अॅपवर व्हिडिओ जितक्यांदा सुरू होतो तितके व्ह्यू. पहिल्यांदा सुरू झाला, एक. तुम्ही परत लावला, दोन. आणि संपून आपोआप पुन्हा सुरू झाला तरी तो वेगळा धरतात. तीन. आधी पहिल्यांदाचे आणि पुन्हाचे वेगळे दाखवायचे, आता सगळे एकाच आकड्यात घालतात. पोचला तो आकडा मात्र एका अकाउंटला एकदाच मोजतो, त्याने शंभरदा बघितलं तरी."

"सगळीकडे असंच?"

"सगळीकडे सारखं नाही. कुठे थोडा वेळ थांबून बघणाऱ्यांचा आकडा निराळा ठेवतात, कुठे नियम मधेच बदलतात. एकाच फोनवरून फार झालं तर काही जण गाळतातही म्हणे, किती आणि कधी ते बाहेर कोणाला सांगत नाहीत. इथे गाळलेले दिसत नाहीत. म्हणजे काका, माणसं थोडी आहेत. पण कोणीतरी सारखं बघतंय. खूपच सारखं."

आणि मग ज्यांनी बोलू नये त्या बोलल्या.

"कोण?" आत्याबाई पुढे सरकल्या.

"ते अॅप सांगत नाही. नाव नाही कळत."

"बाई असणार."

"आत्या," बाळ्याची बायको म्हणाली.

"काय आत्या? पुरुष माणूस दुसऱ्या पुरुषाला शिवताना हजारदा बघेल का? तुझा नवरा सोडून. बाई असणार. तो पूर्वी बाहेर मशीनं दुरुस्त करायला जायचा ना, शिवणक्लासला? तिथे ती एक होती, उंच, गजऱ्याची हौस असलेली. तिचं मशीन महिन्याला बिघडायचं. मी तेव्हाच म्हटलं होतं, मशीन इतकं कुठलं बिघडतं."

"ती वारली, आत्या. चार वर्षं झाली."

"मग दुसरी असेल." आत्याबाईंनी मेलेल्यांमुळे कधी विषय सोडलेला नाही. "सूनबाई, मी तुझ्या जिवाला लागावं म्हणून नाही बोलत हो."

"नाही," मशीनवाली म्हणाली.

तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. पेजवालीचं एक वाक्य तिच्या डोक्यात हळूहळू उतरत होतं, बादलीत कपडा बुडत जावा तसं. संपून आपोआप पुन्हा सुरू झाला तरी तो वेगळा. तिला वाटलं होतं, आपण रोज एकदा लावतो, म्हणजे रोजचं एक. ते फिरत राहतं ते पंख्यासारखं. पंखा एकदा लावला तर एकदाच लावला, किती वेळा फिरला ते कोण मोजतं? मोजणारं कोणी आहे, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाकावर बुधलीपाशी तिचा फोन होता. आता त्याचा पडदा काळा होता.

तिने सगळ्यांकडे पाहिलं. गप्प बसणं अगदी सोपं होतं. नाव कळत नाही, पेजवालीनेच सांगितलं. आत्याबाई आणखी एक-दोन बायका शोधतील, गल्लीला पावसाळाभर पुरेल इतका मालमसाला होईल. बाळ्या आज नाही तर उद्या स्वतःची समजूत घालेल की सातशे तर सातशे, पण जीव लावून बघणारे. खिशात राजीनामा आहेच. सोमवारी देईल. मंगळवारपासून या खोलीत माणूस असेल. तिला दुसरं काही नको होतं. नको म्हणायलाही आत काही हलत नव्हतं.

तसा बाळ्या स्वतःला सावरायलाही लागला होता. "हे बघ, सातशे का होईनात. एकेक माणूस शंभर-सव्वाशे वेळा बघतोय. याचा अर्थ काय? याचा अर्थ ओढ. सिनेमाला तरी कोणी शंभरदा जातं का? असे सातशे लोक असले तर दुकान चाललंच. मी उद्या जातोच ऑफिसात."

"अहो, पण सगळे तितकेच बघतात असं कुठे आहे?" त्याची बायको म्हणाली.

"तू उगाच फाटे फोडू नकोस."

"मी आहे ती," मशीनवाली म्हणाली.

कोणाला कळलं नाही. "कोण ती?" आत्याबाईंनी विचारलं. त्या अजून शिवणक्लासात होत्या.

"सारखं बघणारी. म्हणजे बघत नाही मी. लावून ठेवते. दोन महिने झाले, दुपारी लावते, दिवे लागेपर्यंत असतं. एकदाच तर लावते, मला वाटलं एकदाच धरत असतील."

"वहिनी, काहीतरीच काय. एका माणसाने एवढं होईल का?"

"तुम्हीच करा ना हिशोब, भाऊजी. तुमचं कामच आहे ते."

बाळ्याने केला. मनातल्या मनात, ओठ हलवत, जसा तो मीटरपाशी करतो. बारा सेकंदांचा व्हिडिओ, मिनिटाला पाच. तासाला तीनशे. दुपारचे पाच तास, म्हणजे दीड हजार. दोन महिने. त्याचे ओठ थांबले. नव्वद हजार.

"हा कोणाच्या अकाउंटवर लावता, काकू?" पेजवालीने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"तूच काढून दिलंस ना, त्यांच्या पेजच्या आधी. केकचे फोटो बघायला."

"म्हणजे पेजचं नाही. तुमचं. मग पोचला त्यात तुम्ही एक."

"सातशेमधली एक," ती म्हणाली. हे तिला जरा बरं वाटलं, का ते कळलं नाही.

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हातातोंडाशी आलेली बाई गेली आणि तिच्या जागी घरचीच सून बसली. त्या म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं नाही का? मी एवढं बोलून बसले." आणि पुढे, "रडली असतीस तर असं झालं नसतं." यावर कोणी काही म्हटलं नाही. कारण ते कदाचित खरं होतं, आणि आत्याबाईंचं खरं निघालं तर तो प्रघात पडतो.

बाळ्या भिंतीकडे बघत होता. "मीटर," तो म्हणाला.

"काय?"

"मी रोज लोकांना सांगतो. एवढं बिल कसं आलं म्हणून भांडतात, आम्ही घरात दोघंच आहोत म्हणतात. मी सांगतो, मीटर किती जळलं ते मोजतं, घरात माणसं किती ते मोजत नाही. एकटा माणूस हीटर लावून झोपला तरी आकडा धावतो." त्याने कपाळ पुसलं. "रोज सांगतो हे मी."

त्याच्या बायकोने हळूच हात पुढे केला. त्याने खिशाकडे पाहिलं, पण कागद दिला नाही. तो मीटरवाला होता. सांगण्यावरून आकडा खाली आणत नाही. "तपासून बघू," तो म्हणाला. "वहिनी, दोन दिवस लावू नका. आज आकडा मी लिहून घेतो. मंगळवारी संध्याकाळी येतो. उद्या मी ऑफिसात जाईन, पण हे देणार नाही. तुमचं चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली.

गल्लीत बातमी फुटायला पेजवाली माडी चढेपर्यंतचाही वेळ लागला नाही. केकवाल्या बाईला ती दुपारच्या आत कळली होती. वाटलं होतं, हसतील. काही हसलेही. चष्मेवाला म्हणाला, "ग्राहक नाही तर नाही, निदान बायकोने तरी पुरा बघितला. माझ्या व्हिडिओला घरच्यांचा एक व्ह्यू नाही." टायरवाल्याने आपल्या बायकोला विचारलं, मी गेलो तर किती वेळा बघशील? ती म्हणाली, आधी जा तर. पण हे सगळं बाहेर. मशीनवालीच्या दुकानासमोरून जाताना लोकांची पावलं मात्र थोडी सावकाश पडायला लागली, आणि दुकानाकडे बघायचं की नाही हे कोणाला ठरवता येईना.

आत ती होती, आणि आवाज नव्हता. सोमवारी दुपारी तिने फोन चार्जरला लावला, बुधलीला टेकवला, आणि मग आठवून उलटा करून ठेवला. तांदूळ निवडले. निवडलेले पुन्हा निवडले. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली तेव्हा तिला ती गाडी शेवटपर्यंत ऐकू आली, कोपऱ्यावर वळली, चढ चढली, तिथपर्यंत. एरवी आपण त्या आवाजाखाली काय काय झाकून ठेवलं होतं, असा विचार येऊन गेला. आला तसा गेला. तिने पंखा लावला. थोड्या वेळाने बंद केला.

दुपारी एक बाई आली. निळ्या साडीची, घामाघूम, हातगाडीवर पायडलचं मशीन आणलेलं. गाडीवाला पायरीशी उभा होता.

"दुरुस्ती होते ना इथे? माझ्या बहिणीने तो व्हिडिओ पाठवला होता. ते गृहस्थ कान लावून ऐकतात तो."

"ते गेले."

बाईने पदराने घाम पुसला. "अगं बाई. कधी?"

"तीन महिने होतील."

"मग हे?" बाईने आत उभ्या असलेल्या मशीनांकडे बोट केलं.

मशीनवाली त्यांच्याकडे बघत राहिली. परत न्या म्हणायचं होतं, पायरी सांभाळा म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. "ठेवून जा. माझे दीर आहेत, सुट्टीच्या दिवशी येतात. पट्टा असेल तर करतील. जास्त असेल तर नाही जमायचं त्यांना, तसं सांगीन मी."

बाई जरा विचारात पडली. मग म्हणाली, "पट्ट्यासारखंच वाटतंय," आणि गाडीवाल्याला आत आण म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी बाळ्या ऑफिसच्या कपड्यांतच आला. पायरीवर बूट काढले, नाक शिंकरलं, खिशातून आधी चष्मा काढला. मग फोन. खूप वेळ बघितलं.

"किती?" ती म्हणाली.

"सव्वीस वाढले. दोन दिवसांत."

"आधी?"

"आधी दोन दिवसांत तीन हजार." तो बाकावर बसला. भावाच्या जागेवर नाही, शेजारी. राजीनाम्याचा कागद त्याने काढला, चार घड्या होत्या, त्याला पाचवी घातली, आणि पुन्हा ठेवून दिला. ठेवला की फाडला, यावर पुढे त्याच्या बायकोचं आणि त्याचं एकमत कधीच झालं नाही, पण ऑफिसात तो पोचला नाही, एवढं खरं.

"वहिनी, तुम्ही बोलला नसतात तर मी काल देऊन आलो असतो."

"हो."

"मग का बोललात?"

तिने विचार केला. खरंच केला. "तुम्ही म्हणालात, सातशे जण शंभर-शंभर वेळा बघतात. तसं नव्हतं ना ते."

एवढंच उत्तर होतं.

"हे सव्वीस कोण?" तिने विचारलं.

"असतील कोणी. माणसं."

"एकेकदाच बघितलं असेल?"

"ते सांगता येत नाही. सव्वीस जण एकेकदा, नाहीतर एक जण सव्वीस वेळा. पोचल्याच्या आकड्यात थोडे वाढलेत, म्हणजे नवी माणसं काही आहेत."

"एक काल इथे आली होती," ती म्हणाली, आणि निळ्या साडीच्या बाईचं मशीन दाखवलं.

बाळ्या उठला. शर्टाच्या बाह्या वर केल्या, मशीनचं चाक हाताने फिरवून बघितलं, वाकून खाली पाहिलं. पट्टाच होता, सैल पडून लोंबत होता. त्याने बाकाचे खण एकामागून एक उघडले. पट्टे कुठे ठेवलेत हे ना त्याला माहीत होतं ना तिला. शेवटी ते छताजवळच्या खिळ्याला टांगलेले सापडले, डोळ्यांसमोरच. तो कापायला बसला आणि पहिलाच आखूड कापला.

"गेला," तो म्हणाला.

"दुसरा घ्या."

दुसरा बसला. त्याने पायडल मारलं. मशीन एकदा अडलं, एकदा भलतीकडे फिरलं, मग चाललं, पण ठेका चुकत चुकत, लंगड्या माणसाने जिना उतरावा तसं. भावासारखा आवाज नव्हताच तो. बाळ्या मान वर करून तिच्याकडे बघायला लागला, शाबासकी मागणाऱ्या पोरासारखा, पांढऱ्या केसांचा.

तिला काही वाटलं नाही. वाटेल असं क्षणभर वाटलं होतं. तिने दिवा जरा त्याच्या बाजूला ओढला, म्हणजे सुई दिसेल.

"तुमच्या बायकोला फोन करा," ती म्हणाली. "जेवायला इकडेच थांबतोय म्हणावं. उशीर होणार आहे तुम्हाला."